एकविसाव्या मोदकाचा तपास

११ फेब्रुवारीला सकाळी आईंच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली. आदल्या दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. नर्सने विचारलं, “आजी, दिसतंय का नीट?” आईंनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, मग खिडकी बघितली, मग माझ्या सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, “सगळं दिसतंय. दाढी केली नाहीत आज.”

मी तिथे ड्रॉप्सचं वेळापत्रक लिहून घ्यायला उभी होते. दिवसातून सहा वेळा, मग चार वेळा, असं ते होतं. पण डोक्यात दुसरंच चालू झालं. “सगळं दिसतंय”, तेही आबांकडे बघून. गेले सोळा महिने मी ज्या विनोदाला हात लावला नव्हता, तो आपणहून दारात येऊन उभा राहिला होता.

आधी तो विनोद काय ते सांगते. आम्ही गिरगावात राहतो आणि घरून उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतो, अकराचा आणि एकवीसचा डबा. कळ्या पाडायचं काम आईंचं, उकड आणि सारण माझं, डबे पोचवायचं काम नवऱ्याचं आणि “बघू, सारण जमलंय का” हे काम आबांचं. इन्स्टाग्रामवर आमचं एक छोटं पान आहे. २०२३ च्या गणपतीत, १९ सप्टेंबरला, मी घरच्या नैवेद्याच्या ताटाचा फोटो टाकला. मध्ये एक मोदक, त्याभोवती सहा, बाहेरच्या रांगेत चौदा. निदान माझी समजूत तशी होती. कॅप्शनमध्ये “एकवीस मोदकांचा नैवेद्य” असं लिहिलं. तासाभरात कुणीतरी खाली लिहिलं, “मोजले. वीसच आहेत.” मी फोटो मोठा करून पाहिला तर बाहेरच्या रांगेत उजव्या अंगाला एक फट होती. घाईत उत्तर लिहिलं, “तपास चालू आहे.”

विनोद एवढाच. मी तो ठरवून केला नव्हता. पुढच्या फोटोत मात्र ती फट मी मुद्दाम ठेवली, त्याच जागी. मग लोक मोजायला लागले. पुरणपोळीच्या फोटोखाली “तपास कुठवर आला?” असं विचारायला लागले. संशयित कोण हे मी कधीच लिहिलं नाही, पण एका फोटोच्या कडेला आबांचा हात आणि चष्म्याची दांडी आली होती. तेवढ्यावर वाचकांनी निकाल देऊन टाकला.

आता हा विनोद मी बंद का केला होता ते सांगायला हवं, कारण नवं कॅप्शन लिहिताना त्याच चुका आठवून आठवून टाळायच्या होत्या.

पहिली चूक हावरटपणाची. २०२४ च्या गणपतीत मी लागोपाठ चार पोस्टमध्ये “तपास चालू आहे” लिहिलं. पहिल्याला धमाल आली, दुसरीला बरी, तिसरीला दोन जणांनी हसण्याचं चिन्ह टाकलं आणि चौथीखाली कुणी तपासाचा त सुद्धा काढला नाही. चौथं वाक्य वाईट नव्हतं. ते कुठे येणार हे वाचकाला माझ्याआधी कळलेलं होतं, एवढंच.

दुसरी चूक जास्त महागात पडली. त्याच दिवसांत एका गिऱ्हाईक बाईंचा मेसेज आला: “आम्हाला नैवेद्याला पूर्ण एकवीस लागतात हो. तुमच्याकडे वीस येतात का?” त्या अजिबात गंमत करत नव्हत्या. जी गोष्ट लोक पैसे देऊन घेतात, तिच्याच मोजणीवर मी विनोद उभा केला होता. घरच्या ताटातला मोदक गायब होणं वेगळं आणि डब्यातला गायब होणं वेगळं, हा फरक मला स्वयंपाकघरात उभं राहून स्पष्ट दिसत होता. फोटो बघणाऱ्याला तो दिसायचं काहीच कारण नव्हतं. त्या दिवसापासून डब्याच्या फोटोत फट नाही, डब्याच्या कॅप्शनमध्ये तपास नाही.

तिसरी गोष्ट घरातली. आबांना साखर आहे. आमच्या आत्यांनी, म्हणजे आबांच्या बहिणीने, पोस्ट बघून चिपळूणहून फोन केला आणि दहा मिनिटं त्यांना झापलं. आबा काही बोलले नाहीत, पण त्या संध्याकाळी चहासुद्धा बिनसाखरेचा आहे हे त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं दोनदा सांगितलं. ऑक्टोबर २०२४ पासून मी विषयच थांबवला.

हे थांबणं फायद्याचं ठरेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. पालुपद असतं तोवर वाचक त्याची वाट बघतो. ते बरेच दिवस आलं नाही की तो ते विसरतो, पण पुरतं विसरत नाही. अशा वेळी भलत्याच विषयात ते डोकावलं, तर “अरे, हे तर आपल्याला माहीत आहे” असा जो झटका बसतो, तो दर आठवड्याला तेच वाक्य म्हणून कधीच बसत नाही. मात्र विषय भलताच हवा. मोदकाच्या पोस्टमध्ये मोदकाचा जुना विनोद आणला तर ती नुसती पुनरुक्ती होते. डोळ्याच्या ऑपरेशनच्या पोस्टमध्ये तो कुणाच्या ध्यानीमनी नसतो.

पोस्ट तर टाकायचीच होती. आईंना काही आठवडे वाफ, धूर, चुलीजवळ वाकणं, सगळं बंद. त्या नाहीत म्हणजे कळ्या नाहीत, म्हणून २८ फेब्रुवारीपर्यंत ऑर्डर बंद हे कळवायचं होतं. सूचना द्यायची आणि त्यात विनोदही आणायचा, असा तो मामला.

लिहायला बसण्याआधी मी जुन्या सगळ्या पोस्ट खालपासून वर चाळल्या. एकूण चौसष्ट होत्या. त्यातल्या नऊ पोस्टमध्ये फट किंवा तपास होता. हे वहीत लिहून काढलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी आठवणीवर विसंबले असते तर निसटली असती. मला वाटत होतं की विनोदाचा जीव “तपास चालू आहे” या वाक्यात आहे. पण खालच्या प्रतिक्रिया वाचल्या तर लोक बहुतेक वेळा फोटोबद्दल बोलत होते. “फट बघा”, “उजवीकडे मोजा”, “परत तीच जागा”. वाक्य मी धरून बसले होते, वाचकांच्या डोक्यात मात्र ती जागा बसली होती.

तरी पहिला खर्डा मी वाक्यावरच लिहिला.

“आठवतोय का आमचा एकविसावा मोदक? २०२३ च्या गणपतीत ताटातून एक मोदक गायब झाला होता आणि तेव्हापासून तपास चालू होता. आता आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे चोर सापडणार!”

हे मी शेजारच्या वहिनींना वाचून दाखवलं. त्या अगदी पहिल्या पोस्टपासूनच्या वाचक. त्या म्हणाल्या, “छान आहे.” चेहरा मात्र गॅसचा नंबर लावताना असतो तसा. आठवण करून दिली की वाचकाला करायला काही उरत नाही. दुवा त्याने जोडायचा असतो, तो मीच जोडून, वर गाठ मारून हातात दिला होता. आणि नव्या माणसाला तर हे म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाची कॅसेट.

दुसऱ्या खर्ड्यात मी पार दुसऱ्या टोकाला गेले.

“पट्टी काढली. आईंनी ताटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘वीस.’”

वहिनी खळखळून हसल्या. मी खूश. तेच ऑफिसातल्या मैत्रिणीला डबा खाताना दाखवलं. ती पान बघत नाही, तिला काहीच माहीत नाही. तिने दोनदा वाचलं आणि विचारलं, “वीस काय? नंबर वाचायला लावतात तसं का?” तिच्या डोक्यात डोळे तपासायचा तक्ता आला होता. त्यात तिची काय चूक?

या दोघींवर मी नेहमीच कॅप्शन तपासून बघते. “आवडलं का” असं विचारायचं नाही, लोक हो म्हणतात. “काय कळलं ते सांग” असं विचारायचं. अनोळखी माणसाला आपल्याकडून काहीतरी सुटलंय असं वाटता कामा नये. त्याला त्याच्यापुरता पूर्ण अर्थ मिळायला हवा, भले साधा असेना. आणि जुन्या माणसाला त्याच शब्दांत वरचा एक अर्थ सापडायला हवा. दुसऱ्या खर्ड्यात वरचा मजला होता, तळमजलाच नव्हता.

तळमजला मला आईंनी दवाखान्यातच दिला होता. ऑपरेशन झालेली बाई नवऱ्याकडे बघून “सगळं दिसतंय” म्हणते, यावर कुणीही हसेल. मोदकाचं नाव काढायची गरजच नाही. मोदक फोटोत येईल, फटीसकट, आणि कॅप्शन त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. जुन्या वाचकाचा डोळा उजवीकडे जाईल, मग आबांचं नाव वाचेल आणि दोन्ही तो स्वतःच जोडेल.

पण “सगळं दिसतंय” मध्ये मोजणीचा वास नव्हता. तो थोडासा यायला हवा होता, नाहीतर फट दिसली नाही तर सगळंच हुकणार. मी रात्री भांडी घासताना तोंडाने घोळवत होते: सगळं दिसतंय, सगळं नीट दिसतंय, अगदी सगळं, एकूणएक… तिथेच हात थांबला. “एकूणएक दिसतंय.” नव्या माणसाला याचा अर्थ बारीकसारीक सगळं दिसतंय. जुन्याला त्यात ‘एक’ ऐकू येतो, हिशेब ऐकू येतो. साधा, घरात रोज बोलला जाणारा शब्द, मुद्दाम आणलाय असं वाटत नाही.

आता प्रश्न असा की आई तसं म्हणाल्या नव्हत्या. त्या “सगळं” म्हणाल्या होत्या, पुढे दाढीचं बोलल्या होत्या. माझ्या पानावर मी घरच्यांच्या तोंडी वाक्यं घालत नाही, कारण उद्या कुणी भेटून विचारलं तर त्यांना निभवावं लागतं. म्हणून विचारलं. आई म्हणाल्या, “एकूणएक म्हटलं काय नि सगळं म्हटलं काय. दाढीचं नको लिहूस, चारचौघांत बरं नाही दिसत.” दाढी तशीही जाणारच होती. ती ठेवली असती तर शेवटचं वाक्य दाढीवर संपलं असतं, आणि ज्या शब्दावर वाचकाने थांबायचं तो मध्येच बुडाला असता.

आबांना विचारणं जास्त अवघड होतं. मी त्यांना फोटो आणि मजकूर दोन्ही दाखवलं आणि आत्यांच्या फोनची आठवण स्वतःच काढली. ते बराच वेळ वाचत राहिले. माझ्या त्या खर्ड्यात “साखरवाले आबा” असं होतं. त्यावर बोट ठेवून म्हणाले, “हे काढ. बाकी राहू दे.” आणि मग वर एक व्याख्यान मिळालं, कारण आबांनी तरुणपणी कीर्तनं पुष्कळ ऐकली आहेत. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात, मग उत्तररंगात भलतंच आख्यान लावतात. तासभर माणसं आख्यानात रमतात, अभंग विसरून जातात. शेवटी बुवा आख्यानाच्या टोकावरून अलगद त्याच अभंगावर येतात. “तेव्हा बुवा असं म्हणत नाहीत की मघाशी मी हा अभंग म्हटला होता बरं का,” आबा म्हणाले. “नुसती चाल धरतात. माणसं आपसूक टाळी देतात.” माझा पहिला खर्डा आबांनी वाचलेला नव्हता, पण त्याला याहून नेमकं उत्तर मिळालं नसतं.

मग मांडणी. फीडमध्ये कॅप्शनची सुरुवातीची एखाद-दुसरी ओळ दिसते, बाकीचं `more` दाबल्यावर. विनोदासाठी हे सोयीचं, कारण शेवटची ओळ आपोआप झाकलेली राहते. पण म्हणूनच सूचना पहिल्या ओळीत असणं भाग होतं. वाचक पुढे वाचो न वाचो, ऑर्डर बंद आहे हे त्याला कळलंच पाहिजे. एकदा हात पोळल्यामुळे मी सूचना आणि गंमत यांच्यामध्ये एक मोकळी ओळ सोडली आणि तारीख, डबे, ऑर्डर यातला एकही शब्द खालच्या भागात येऊ दिला नाही. फोटोही दोन लावले: पहिला घरच्या ताटाचा, दुसरा नुसता तारखांचा.

शेवटी मजकूर असा झाला:

“२८ फेब्रुवारीपर्यंत ऑर्डर घेत नाही आहोत. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्या छान आहेत.

काल पट्टी काढली. नर्सने विचारलं, ‘आजी, दिसतंय का नीट?’
आई आबांकडे वळल्या.
‘एकूणएक दिसतंय.’”

“आई आबांकडे वळल्या” ही ओळ आधी “आबांकडे बघून आई म्हणाल्या” अशी होती. वेगळी केली, कारण वळणं आणि बोलणं यात जुन्या वाचकाला एक श्वास मिळायला हवा होता. तेवढ्यात त्याला फोटो आठवतो. शेवटी “तपास चालू आहे” लिहायचा मोह फार झाला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. वहिनींना दोन्ही दाखवलं. त्याच्यासकट वाचताना त्या “एकूणएक”पाशी हसल्या आणि पुढच्या ओळीला हसू ओसरलं. त्याच्याशिवाय वाचताना हसू संपेपर्यंत त्या स्वतःच म्हणाल्या, “संपला वाटतं तपास!” ओळ काढली. ऑफिसातल्या मैत्रिणीला पाठवलं तर तिचं उत्तर आलं, “आमच्या घरी पण हेच, आईचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांची खैर नाही.” म्हणजे तळमजला पक्का.

राहिली जुन्या पोस्टची सोय. कॅप्शनमध्ये लिंक टाकली तरी ती दाबून उघडत नाही, त्यामुळे “ही जुनी पोस्ट बघा” म्हणण्यात अर्थ नव्हता, आणि ते म्हणणं म्हणजे परत पहिला खर्डाच झाला असता. प्रोफाइलच्या माथ्यावर तीन पोस्ट टाचून ठेवता येतात. त्यात एक दरपत्रक आणि एक पत्ता-वेळ होती. तिसरी जागा मी आदल्या रात्री २०२३ च्या त्या नैवेद्याच्या ताटाला दिली. ज्याला कुतूहल वाटेल तो पानावर येईल, आणि येताच त्याला ते ताट, ती फट, ती पहिली प्रतिक्रिया दिसेल. ज्याला वाटणार नाही त्याला त्रास नाही.

फोटोसाठी गुरुवारी सकाळी मी स्वतः मोदक केले. कळ्या जाड आल्या, त्याबद्दल आईंनी काळ्या चष्म्यामागून जे म्हटलं ते इथे देत नाही. मध्ये एक, भोवती सहा, बाहेर तेरा आणि उजव्या अंगाला फट. कडेला आईंचा काळा चष्मा ठेवायचा होता, तो आणायला आत गेले, आले, चार फोटो काढले आणि संध्याकाळी पोस्ट टाकली.

पहिल्या दहा मिनिटांत काही नाही. मग जुन्यांपैकी एकाने लिहिलं, “पुरावा मिळाला.” दुसऱ्याने, “आबा, वकील करा.” एका नव्या मुलीने विचारलं, “कसला पुरावा?” आणि मी बोटं आवरून बसले. मी सांगितलं असतं तर तो परत माझा विनोद झाला असता. पाच-सात मिनिटांनी एका जुन्या बाईंनीच तिला लिहिलं, “वर टाचलेली पोस्ट बघ आणि मोदक मोज.” ती मुलगी गेली असावी, कारण जुन्या पोस्टखाली तिचं हसू उमटलं. डब्यात वीस येतात का, असं या वेळी कुणीही विचारलं नाही. डॉक्टरांचा नंबर मात्र नऊ जणांनी विचारला. याचा अंदाज मला यायला हवा होता.

रात्री साडेदहाला, मी ड्रॉप्स घालून हात धूत होते, तेव्हा आणखी एक प्रतिक्रिया आली. २०२३ मध्ये ज्याने पहिल्यांदा मोजले होते, तोच माणूस.

“मोजले. एकोणीस आहेत.”

मी फोटो मोठा केला. मध्ये एक. भोवती सहा. बाहेरची रांग दोनदा मोजली. बारा. फट जरा जास्तच रुंद होती, सकाळी माझ्या लक्षात कशी आली नाही कोण जाणे. चष्मा आणायला मी आत गेले होते ती दीड-दोन मिनिटं आठवली. नवरा कामावर होता. आबा खाली पेपर आणायला गेले होते, हे मला नक्की आठवतंय, कारण जाताना त्यांनी चपलांवरून आवाज दिला होता.

मी वळून बघितलं. आई पलंगावर पाठ टेकून, काळा चष्मा लावून, हरिपाठ ऐकत बसल्या होत्या.